आजीची गोष्ट सहा वर्षांच्या मुलासाठी साध्या वाक्यांत कशी लिहायची

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या पायथ्याशी. एका बाजूला संत्र्याच्या बागा, दुसऱ्या बाजूला डोंगर. माझी भाची पहिलीत गेली तेव्हा तिच्यासाठी घरात वाचायला काही नव्हतं. सासूबाईंच्या तोंडी मात्र गोष्टींचा खजिना. मला वाटलं, त्यांच्याकडून एक ऐकायची, सोपी करून कागदावर उतरवायची, एका दुपारचं काम. त्याला सव्वा महिना लागला आणि पहिल्या दोन वह्या चुलीत गेल्या. तुम्हीही असंच काही करायला बसला असाल तर माझे ते दोन प्रयत्न तुम्हाला वाचवता येतील.

उदाहरण म्हणून एकच गोष्ट घेते, कारण ती तुम्हाला नक्की ठाऊक असणार. म्हातारी लेकीकडे जाते, रानात जनावरं अडवतात, आणि परत येताना ती भोपळ्यात बसून येते.

लागणारं सामान

फोन, एक वही, लाल पेन, तीन कोरे ए-फोर कागद, काळा जाड स्केचपेन, सुई आणि गोधडीचा दोरा. गोष्ट सांगणारं माणूस. पहिलीतली दोन मुलं, एक वाचायला आणि एक ऐकायला. शक्य असेल तर एक खरंखुरं कोहळं. ते कशाला, ते पुढे येईल.

१. गोष्ट मुलाला सांगताना रेकॉर्ड करा, फोनला सांगताना नाही

मी सासूबाईंसमोर फोन ठेवला आणि म्हटलं, सांगा. त्यांनी पदर नीट केला आणि चार मिनिटांत गोष्ट उरकली. "अन् मंग ते आली घरी. झालं." शाळेत भाषण करावं तसं. दुसऱ्या दिवशी रात्री जेवणं झाल्यावर भाची त्यांच्या मांडीवर होती, तेव्हा फोन उशीखाली ठेवला. तीच गोष्ट अकरा मिनिटं चालली. वाघाचा आवाज आला, टुणूक टुणूक करताना मांडी हलली, मधेच भाचीनं विचारलं आणि सासूबाईंनी उत्तर दिलं. मुलाला कुठे काय विचारावंसं वाटतं हे त्या अकरा मिनिटांत कळतं, आणि पुढचं निम्मं काम त्यावरच उभं आहे. (रेकॉर्डिंग करतेय हे त्यांना आधी सांगितलं होतं. उशीखाली ठेवला तो फक्त त्यांची नजर फोनकडे जाऊ नये म्हणून.)

ऐकून झालं की जसंच्या तसं उतरवा, काही सुधारू नका. माझ्या वहीतला वाघ भेटतो तो भाग असा:

"आता ते बुढी का नाई, लेकीकडं जायले निंगाली, त रानातून जाता जाता तिले वाघ भेटला, अन् वाघ म्हने का बुढे, तुले मी खातो, त बुढी म्हने का बापा, मी त सुकून काडी झाली, मले खाऊन तुयं पोट थोडीच भरनार हाय, मी लेकीकडं जातो, तूपपोळी खातो, लट्ठ होतो, मंग येतो, तवा खाजो."

हे एकच वाक्य आहे. ऐकताना कुठेही अडत नाही, कारण सांगणारी थांबते, डोळे मोठे करते, हात करते. कागदावर यातलं काहीच राहत नाही.

२. मूल ऐकणार आहे की स्वतः वाचणार आहे, हे आधी ठरवा

माझी पहिली वही इथेच वाया गेली. सहा वर्षांच्या मुलाचा कान आणि डोळा यांच्यात फार अंतर असतं. "सुकून काडी झाली" हे तो ऐकून खदखदा हसतो, पण लिहिलेलं असलं तर "सु... कू... न" करत तिसऱ्या शब्दापर्यंत पहिला विसरतो.

मोठ्यानं वाचून दाखवायची असेल तर फारसं काही बदलू नका. लांब वाक्यं चालतात, अवघड शब्दही चालतात, आवाज ते सांभाळून घेतो. मूल स्वतः वाचणार असेल तर हिशेब वेगळा. केंद्र सरकारच्या निपुण भारत कार्यक्रमात पहिली संपताना मुलानं चार-पाच सोप्या शब्दांचं अनोळखी वाक्य वाचावं अशी अपेक्षा आहे. ही वर्ष संपतानाची गोष्ट झाली. म्हणून चार-पाच शब्द ही माझी वरची मर्यादा, तीन शब्द मिळाले तर आणखी बरं. इथून पुढचं सगळं मुलानं स्वतः वाचायच्या गोष्टीबद्दल आहे.

३. हाडं मोजा

गोष्ट बाजूला ठेवून, वही न बघता, काय काय घडतं ते एकेका ओळीत लिहा. माझ्या यादीत नऊ ओळी आल्या: आजी निघते. वाघ अडवतो. आजी त्याला पटवते. कोल्हा अडवतो. लेकीकडे आजी जाड होते. भोपळ्यात बसते. वाघ फसतो. कोल्हा ओळखतो. आजी सुटते.

सासूबाईंच्या गोष्टीत अस्वलही होतं. आमच्याकडे अस्वल म्हणजे काही चित्रातलं जनावर नाही. मोहफुलं वेचायला गेलेल्या माणसांवर ते धावून येतं, मुलांनी ते ऐकलेलं असतं. तरी मी काढलं. एक म्हणजे त्या जागी नवं काही घडत नाही, वाघाचंच पुन्हा होतं. दुसरं, "अस्वल" या शब्दात "स्व" आहे. कोल्हा मात्र काढता येत नाही, कारण शेवटी ओळखतो तो कोल्हाच.

एखादी ओळ काढावी की नाही हे असं पाहा: ती काढली की पुढची का घडली हे सांगता येतं का? मी पहिल्यांदा "आजी बारीक होती" हे काढलं होतं. वर्णन आहे, कशाला हवं, असं वाटलं. मग वाघ आजीला सोडतो कशाला? भाचीनं हेच विचारलं. आजी बारीक आहे म्हणून वाघ थांबायला तयार होतो. सगळी गोष्ट त्या तीन शब्दांवर टांगलेली आहे. रेकॉर्डिंगमध्ये सासूबाईंनी "सुकून काडी" वर जोर दिलाच होता, मलाच तो ऐकू आला नव्हता.

४. वाक्य मोडा, पण कारण मोडू नका

आता वाघाचा तो लांब तुकडा घ्या. दुसऱ्या वहीत मी तो असा लिहिला होता:

"लेकीकडे जायला निघालेल्या म्हातारीला रस्त्यात वाघ भेटला. त्याने तिला खाईन असे म्हटले. तिने त्याला सांगितले की ती लेकीकडे जाऊन तूप-पोळी खाऊन लठ्ठ होऊन परत येईल, तेव्हा त्याने तिला खावे."

शुद्ध मराठी आहे, एकही शब्द चुकलेला नाही. भाचीनं दुसऱ्या ओळीवर कागद उलटा केला आणि त्यावर मांजर काढलं. चुका कुठे झाल्या ते एकेक करून सांगते.

"निघालेल्या म्हातारीला" इथे एका माणसात दोन बातम्या कोंबल्या आहेत: म्हातारी निघाली, आणि तिला वाघ भेटला. "निघालेली", "भेटलेला", "आणलेलं" असे शब्द दिसले की तिथे एक लपलेलं वाक्य असतं. ते बाहेर काढा. आजी निघाली. वाघ आला.

"जाऊन, खाऊन, होऊन" ही आपली लाडकी साखळी. बोलण्यात ती सुरेख चालते. वाचणारं मूल मात्र शेवटच्या क्रियापदापर्यंत श्वास धरून बसतं. एका वाक्यात एकच काम ठेवा.

"त्याने तिला", "तिने त्याला": सहा वर्षांच्या मुलाला यातला तो कोण आणि ती कोण हे प्रत्येक वेळी मागे जाऊन शोधावं लागतं. आपल्याला शाळेत शिकवलंय की नाम सारखं सारखं वापरू नये, कंटाळवाणं होतं. इथे ते विसरा. आजी, आजी, वाघ, वाघ असंच लिहा. मुलाला तोच शब्द पुन्हा भेटला की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

"सांगितले की": दुसऱ्याचं बोलणं असं गुंडाळून सांगू नका. बोलणारा स्वतःच बोलू दे. आणि कोण बोललं ते बोलण्याच्या आधी लिहा. "तुले खातो, असे वाघ बोलला" असं लिहिलं तर मूल ते आजीच्या तोंडी घालून मोकळं होतं, कारण अवतरणचिन्ह त्याला अजून कळत नाही.

आता उलटा धोका. मोडायची एकदा सवय लागली की हात थांबत नाही. मी लिहिलं होतं: "वाघ आला. आजी बोलली. वाघ गेला." वाचता आलं, फाडफाड वाचता आलं. पण काय झालं असं विचारल्यावर भाची म्हणाली, "वाघ घरी गेला." का गेला, माहीत नाही. वाक्यं लहान झाली आणि त्यांना बांधणारा दोरा तुटला. म्हणून मोडल्यावर प्रत्येक दोन वाक्यांच्या मधे बोट ठेवून स्वतःला "काहून?" विचारा. उत्तर कागदावर नसेल तर एक लहान वाक्य परत घाला. आजी बारीक आहे, लेकीकडे तूप-पोळी मिळते, आजी जाड होईल. "मग" हा शब्द इथे फार उपयोगी आहे. दोनच अक्षरं, पण वाक्यं धरून ठेवतो.

५. जोडाक्षरं शोधा

लाल पेन इथे लागतं. पहिलीच्या सुरुवातीला मूल काना-मात्रा-वेलांटी सांभाळत असतं. जोडाक्षर आलं की गाडी रुळावरून खाली. लिहिलेल्या गोष्टीतलं प्रत्येक जोडाक्षर लाल करा. माझा कागद गोवर आल्यासारखा दिसत होता.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे "म्हणाला". प्रत्येक गोष्टीत, प्रत्येक पानावर. त्याच्या जागी "बोलला" लिहा. व्याकरणाला थोडं खटकेल, वाचणाऱ्याला खटकत नाही. "म्हातारी"ची "आजी" केली. (सासूबाई "बुढी" म्हणतात आणि त्या शब्दात जोडाक्षरही नाही. पण तो लिहिलेला पाहून त्यांनाच कसंसं झालं. बोलण्यातली माया कागदावर उतरली नाही, तिथे नुसता उद्धटपणा दिसला.) "रस्ता" ऐवजी "वाट", "लठ्ठ" ऐवजी "जाड". "तिच्या", "त्याच्या", "माझ्या" ही तर लपून बसलेली जोडाक्षरं, मोठ्यांच्या नजरेला दिसतच नाहीत. "खाल्ली" पण तसंच. मी "आजी रोज खायची" असं फिरवलं.

सगळी काढायचा हट्ट मात्र करू नका. संपूर्ण गोष्टीत दोन जोडाक्षरं मी ठेवली: "कोल्हा" आणि "भोपळ्या". कोल्ह्याला दुसरं नाव नाही आणि चित्र शेजारी आहे. "भोपळ्या" तर मुलाच्या कानात आधीच बसलंय.

आणखी एक खड्डा आहे, तो मला आमच्या गावातल्या एका बाईंनी दाखवला. त्या वर्षानुवर्षं पहिलीला शिकवतात. "केलं", "गेलं", "फुटलं" यातला शेवटचा अनुस्वार. अनुस्वार म्हणजे नाकातला आवाज हे मुलानं नुकतंच "आंबा", "घंटा" मधून शिकलेलं असतं. मग ते इमानदारीत "केलम्" वाचतं. त्याची काही चूक नाही. यावर उपाय म्हणून मी जमेल तिथे नपुंसकलिंगी शब्दच टाळले. वाघ आला, आजी बसली, भोपळा फुटला. एका जागी टळलं नाही, तिथे "फेकलं" ऐवजी "फेकले" लिहिलं.

६. घरची बोली कुठे ठेवायची

आमच्याकडे मुलं "मले, तुले" म्हणतात. बाया "मी जातो, मी येतो" म्हणतात. "डोळा" चा "डोया" होतो आणि "काळा" चा "काया". शाळेच्या पुस्तकात यातलं काही नसतं.

सगळी गोष्ट वऱ्हाडीत लिहायचा मोह मला झाला होता. अडलं ते "भोपया" पाशी. ळ हे अक्षर मूल आत्ताच शिकतंय, आणि मीच त्याला त्या जागी य दाखवायचा? उच्चाराची ढब कागदावर आणली की अक्षरओळख गोंधळते. "मले" आणि "तुले" ने मात्र काहीच बिघडत नाही. दोन्हीत जोडाक्षर नाही, आणि घरचा शब्द कागदावर पाहून मुलाचा चेहरा कसा होतो ते एकदा बघाच. म्हणून सांगणाऱ्याची भाषा पुस्तकी ठेवली आणि वाघ, कोल्हा, आजी यांचं बोलणं घरचं. आजी "जातो" म्हणते, "जाते" नाही. एका मास्तरांनी याला हरकत घेतली. मी ऐकून घेतलं आणि "जातो" तसंच ठेवलं. पण ही गोष्ट आमच्या चार गावांसाठी आहे. साताऱ्याच्या मुलासाठी लिहिली असती तर त्यांचं ऐकलं असतं.

आणि तो भोपळा! विदर्भात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. भाचीनं भोपळा हा शब्द गोष्टीबाहेर कधी ऐकलाच नव्हता. मी उत्साहानं सगळीकडे "कोहळा" केलं, "चल रे कोहळ्या टुणूक टुणूक". भाची ते घेऊन शेजारी खेळायला गेली आणि रडत आली. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, हे चुकीचं आहे. त्यांना येत होतं ते "चल रे भोपळ्या", त्यांच्या आईलाही तेच येत होतं. पाठ झालेल्या ओळीला हात लावायचा नसतो हे मला तेव्हा कळलं. भोपळा परत आला. आता वाचायच्या आधी मी स्वयंपाकघरातलं कोहळं मुलांपुढे ठेवते, वाजवून दाखवते आणि सांगते, गोष्टीत याचं नाव भोपळा.

७. भीती ठेवा, शेवट निवडा

या गोष्टीचे शेवट घरोघरी वेगळे. कुठे आजी सुखरूप घरी पोचते आणि जनावरं बघत राहतात. कुठे कोल्हा भोपळा फोडतो आणि आजी त्याच्या डोळ्यांत तिखट टाकते. सासूबाईंच्या गोष्टीत कोल्ह्याचे डोळे फुटतात, त्याचं त्या सविस्तर वर्णन करतात.

वाघ खाईन म्हणतो ते काढून वाघाला "तुझ्याशी मैत्री करतो" म्हणायला लावणारे लोक मी पाहिलेत. मग आजी भोपळ्यात कशाला बसेल? भीती गेली की गोष्टीचं इंजिनच गेलं. "खातो" ठेवा. फक्त कोणाला काय इजा झाली याचं वर्णन करू नका. मी तिखट ठेवलं, डोळे काढले. तिखट फेकलं, कोल्हा पळाला, बास. तिखट डोळ्यात गेलं की काय होतं हे आमच्याकडच्या सहा वर्षांच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही.

८. पक्की गोष्ट

एवढं सगळं करून उरली ती ही. दहा पानं, साधारण एकशे साठ शब्द.

पान १
एक आजी होती.
आजी बारीक होती.
आजीची लेक दूर राहायची.

पान २
आजी लेकीकडे निघाली.
आजी रानात आली.
समोर वाघ आला!
वाघ बोलला, "आजी, तुले खातो!"

पान ३
आजी बोलली, "मी बारीक आहे.
लेकीकडे जातो.
तूप-पोळी खातो.
जाड होतो.
मग मले खा."
वाघ बोलला, "जा मग."

पान ४
पुढे कोल्हा आला.
कोल्हा बोलला, "आजी, तुले खातो!"
आजी बोलली, "मी बारीक आहे.
लेकीकडे जातो.
तूप-पोळी खातो.
जाड होतो.
मग मले खा."
कोल्हा बोलला, "जा मग."

पान ५
लेक रोज तूप-पोळी करायची.
आजी रोज खायची.
आजी जाड झाली.

पान ६
आजी बोलली, "घरी कशी जाऊ? वाघ खाईल."
लेकीने मोठा भोपळा आणला.
लेकीने भोपळा आतून कोरला.
आजी आत बसली.
लेकीने तिखटाची पुडी दिली.

पान ७
चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!
समोर वाघ आला.
वाघ बोलला, "भोपळ्या, आजी दिसली का?"
आतून आवाज आला, "नाही दिसली.
चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!"
वाघ बघत राहिला.

पान ८
पुढे कोल्हा आला.
कोल्हा बोलला, "भोपळ्या, आजी दिसली का?"
आतून आवाज आला, "नाही दिसली.
चल रे भोपळ्या टुणूक टुणूक!"

पान ९
कोल्हा बोलला, "आवाज आजीचा आहे!"
कोल्हा धावला.
भोपळा फुटला!

पान १०
आजीने तिखट फेकले.
कोल्हा पळाला.
आजी घरी आली.

पान ३ वरचं आजीचं बोलणं पान ४ वर शब्दन् शब्द तसंच आहे, ते मुद्दाम. तिथे थोडं वेगळं लिहून मजा आणावी असं मोठ्यांना वाटतं. मुलाची मजा वेगळी असते: पान ३ वर अडखळत वाचलेलं पान ४ वर सरळ वाचता येतं.

९. मुलापुढे ठेवून गप्प बसा

कागद द्या, शेजारी बसा, मदतीला धावू नका. तुमच्या हातातल्या प्रतीवर खुणा करत राहा. मूल थांबलं तिथे टिंब. मान वर करून तुमच्याकडे पाहिलं तिथे फुली. लिहिलेला सोडून दुसराच शब्द वाचला तर तो शब्द लिहून ठेवा.

टिंबांची काळजी नको, वाचताना थांबायला होतंच. फुली मात्र गंभीर, तिथे वाक्य बदला. दुसराच शब्द वाचला असेल तर तो कोणता ते पाहा. भाची "निघाली" च्या जागी "गेली" वाचायची. म्हणजे अर्थ कळत होता, तिथे काही केलं नाही. दुसरा मुलगा "पुडी" ला "पुरी" वाचून पुढे गेला. मग शेवटी आजीनं पुरी फेकली असं त्याला वाटलं, आणि कोल्हा पुरीला घाबरून का पळाला हे कळेना. तेव्हा नुसतं "पुडी" होतं, त्याचं "तिखटाची पुडी" केलं.

"चल रे भोपळ्या" ही ओळ मूल वाचतंय की म्हणतंय, हे ओळखायचं असेल तर बोट बघा. पाठ म्हणत असेल तर बोट पुढे किंवा मागे राहतं, शब्दाखाली नसतं. एखाद्या ओळीचं तसं झालं तर काही बिघडत नाही, दमलेल्या मुलाला ती विसावा देते. प्रत्येक पान तसंच झालं तर ते वाचन नाही.

वाचून झाल्यावर "आवडली का?" विचारू नका, सगळी मुलं हो म्हणतात. तुमच्यासोबत बसलेल्या दुसऱ्या मुलाला सांगायला लावा. सांगताना जिथे भोक पडतं तिथे तुमच्या लिहिण्यात भोक आहे. माझ्या पहिल्या कागदात पुडी नव्हतीच, शेवटी एकदम तिखट यायचं. भाचीनं सांगताना तिथे स्वतःहून घातलं, "आजीच्या कमरेला पिशवी होती." मला जे सुचलं नाही ते तिनं भरून काढलं. मग मी पान ६ वर लेकीकडून पुडी देववली. भोपळा कोरण्याचं वाक्यही असंच आलं. एकानं विचारलं होतं, आतल्या बिया कुठे गेल्या?

१०. कागदावर उतरवताना

तीन ए-फोर कागद एकात एक घालून मधे दुमडले की बारा पानं होतात. दहा गोष्टीची, एक मुखपृष्ठ, एक मागचं. साधा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही, गोधडीच्या दोऱ्यानं तीन टाके घाला.

एका ओळीत एकच वाक्य. ओळ संपली आणि वाक्य पुढच्या ओळीवर गेलं तर मूल तिथे पूर्णविराम समजून थांबतं. अक्षर हातानं काढलं तर उत्तमच, पानावर मावेल तेवढं मोठं. कॉम्प्युटरवर छापणार असाल तर "ल" आणि "श" कडे बघा. पुष्कळ फॉन्टमध्ये ही अक्षरं हिंदी वळणाची येतात, आणि आपली मुलं शाळेत मराठी वळणाचा ल गिरवतात. मराठी वळण कोणतं ते महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात दिलं आहे. माझ्या पहिल्या छापील प्रतीत "लेक" वर तीन मुलं अडली. मी शब्द बदलायच्या विचारात होते, आणि अडचण निघाली ल च्या वळणाची. `Tiro Devanagari Marathi` या फॉन्टमध्ये ती मराठी वळणाची मिळतात.

चित्र पानाच्या वरच्या अर्ध्यात, अक्षरं खाली. चित्रात पुढचं सांगून टाकू नका. मी पान ८ वर भोपळ्याला फट दाखवली आणि त्यातून आजीचे डोळे. मग पान ९ कोणी वाचेना, सगळ्यांना आधीच कळलं होतं.

मागच्या पानावर सांगणाऱ्याचं नाव आणि गाव लिहा. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी ते पान भाचीकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग म्हणाल्या, अस्वल कुठी गेलं वो?